एक्केचाळीस ग्रुप आणि टाकी सफाईची एक सूचना

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. म्हणजे पाणी गेलं, लिफ्ट बंद पडली, गेटवर कुणाची गाडी आडवी लागली, की पहिली हाक मला. गेल्या पावसाळ्याआधी एका गुरुवारी रात्री ९.४० ला मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: उद्या सकाळी ७ पासून टाकी सफाई, दुपारी ४ पर्यंत पाणी बंद, आजच भरून ठेवा. शुक्रवारी सव्वासात वाजता चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. केसांना शाम्पू लावलेला आणि नळ कोरडा. "भाऊजी, निदान एक मेसेज तरी टाकायचा!"

टाकला होता, असं मी म्हटलं. आला नाही, असं त्या म्हणाल्या. नंतर ग्रुप उघडून बघितलं तेव्हा लक्षात आलं, की दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होतो. मेसेज त्यांच्या फोनवर पोचला होता, पण त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. त्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवून आम्ही दोन तास बसलो. त्या दोन तासांत जे केलं, ते त्याच क्रमानं इथे सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक म्यूट करण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आधी बघा, मेसेज नेमका कुठे अडला

मेसेज चुकतो तो दोन प्रकारे. एक तर तो फोनपर्यंत वेळेवर येतच नाही, किंवा येतो पण आवाज न करता ढिगात जाऊन पडतो. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि कोणता प्रकार आहे ते कळण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्येच आहे. मात्र ती पाठवणाऱ्याच्या हातात असते.

मी माझा तो मेसेज दाबून धरला आणि Info उघडलं. तिथे दोन याद्या असतात: Read by आणि Delivered to, प्रत्येक नावापुढे वेळेसह. वहिनींचं नाव Delivered मध्ये होतं, वेळ रात्री ९.४०. Read मध्ये नव्हतं. म्हणजे नेट चालू होतं, फोन जागा होता, मेसेज आत शिरला होता. बंद होता तो फक्त आवाज. दोष सेटिंगचा.

त्याच यादीत तळमजल्यावरचे एक काका होते. त्यांचीही तक्रार तीच, 'मेसेज आला नाही'. पण त्यांच्या नावापुढे Delivered ची वेळ सकाळी ६.५२ होती. रात्रभर मेसेज बाहेर ताटकळला आणि काकांनी सकाळी फोन हातात घेतल्यावर आत आला. हा आजार बॅटरीचा. त्यावर खाली स्वतंत्र लिहिलंय, कारण म्यूटची कितीही बटणं फिरवली तरी तो बरा होत नाही.

इथे ग्रुपच्या खुणांवर जाऊ नका. ग्रुपमध्ये दुसरी करडी खूण तेव्हाच उमटते जेव्हा मेसेज सगळ्यांच्या फोनवर पोचतो, आणि निळी तेव्हा जेव्हा सगळे वाचतात. कुणा एकाचा फोन बंद असला तरी एकच खूण दिसत राहते. म्हणून नावनिशी बघायचं ते Info मध्येच. आणि हो, 'वाचल्याची खूण' बंद ठेवणाऱ्यांनाही ग्रुपमध्ये लपता येत नाही. ती सेटिंग ग्रुपला लागू होत नाही. (हे कळल्यावर आमच्या इमारतीतल्या दोन जणांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.)

तुम्ही मेसेज घेणाऱ्याच्या जागी असाल, तर ज्याचा मेसेज चुकला त्यालाच एवढं विचारा: "माझ्या नावापुढे Delivered ची वेळ काय दिसते?" त्याच्या उत्तरावर पुढचा रस्ता ठरतो.

एक्केचाळीस ग्रुपांची वाटणी

वहिनींच्या फोनवर ग्रुप मोजले तर एक्केचाळीस निघाले. सोसायटी, बँकेची शाखा, मुलाची इयत्ता, मुलीची इयत्ता, दोघांच्या शिकवण्या, सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणी, भिशी, सासरचे, माहेरचे, सख्ख्या भावंडांचा वेगळा, कॉलेजचे, गणपती मंडळाच्या महिला समितीचा, आणि केरळच्या सहलीचा एक, जी सहल चार वर्षांपूर्वी होऊन गेली.

कोणता ग्रुप 'महत्त्वाचा', असं विचारलं तर माणूस निम्म्याहून जास्त ग्रुपांना हो म्हणतो. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला: गेल्या महिन्यात या ग्रुपवर असा एक तरी मेसेज आला का, जो तासभर उशिरा पाहिला असता तर तुमचं काही बिघडलं असतं? प्रत्येक ग्रुप उघडून, मागे सरकवून पाहायचं. आठवणीवर विसंबायचं नाही.

या चाळणीतून चारच ग्रुप उरले. सोसायटी, कारण पाणी. सख्खी भावंडं, कारण साताऱ्याला आई एकटी असते. मुलाच्या इयत्तेचा ग्रुप, कारण पावसात शाळेच्या सुट्टीची खबर तिथेच येते. आणि बँकेची शाखा, जिथे महिन्यात कामाचे मेसेज दोनच होते, पण ते दोन चुकवून चालणारे नव्हते.

लोकलचा ग्रुप या चारांत नाही याचं वहिनींना वाईट वाटलं. गाडी लेट असली की त्या ग्रुपचा खरंच उपयोग होतो. पण तो उपयोग सकाळी घरातून निघतानाच्या अर्ध्या तासापुरता असतो, आणि त्या वेळी त्या ग्रुप स्वतःच उघडून बघतात. जे आपण ठरलेल्या वेळी आपणहून बघतो, त्यानं वाजायची गरज नसते. असे बारा ग्रुप निघाले: यादीत डोळ्यांसमोर राहतील, पण गप्प. उरलेले पंचवीस आवरून आत ठेवायचे. त्यातले तीन त्यांनी सोडूनच दिले. हल्ली ग्रुप सोडला की फक्त अ‍ॅडमिनला कळतं, साऱ्या गावात दवंडी पिटली जात नाही.

आधी सगळ्यांना गप्प करा, मग चौघांना आवाज द्या

लोक एकेक त्रासदायक ग्रुप शोधून म्यूट करत बसतात. नवा ग्रुप आला की तो वाजतो, मग तो म्यूट, मग पुढचा. हे उलटं करावं. सर्व ग्रुपांचा मूळ आवाजच काढून टाकायचा आणि निवडक चार ग्रुपांना स्वतःचा आवाज द्यायचा. मग उद्या कुणी बेचाळिसाव्या ग्रुपात घातलं तरी तो जन्मजात मुका असतो.

अ‍ॅन्ड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचं Settings, त्यात Notifications. या पानावर वर Messages आणि खाली Groups असे दोन वेगळे भाग आहेत, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. वरचा भाग एकेकट्या माणसांच्या मेसेजचा, त्याला हात लावायचा नाही. खालच्या Groups मध्ये Notification tone वर जाऊन None निवडा, Vibrate बंद करा, आणि Use high priority notifications हेही बंद करा. हे शेवटचं चालू असलं की आवाज नसतानाही पडद्याच्या वरच्या कडेला मेसेजची पट्टी टपकत राहते, आणि पट्टी टपकली की नजर जातेच. आयफोनवर Settings, Notifications आणि त्यात ग्रुपच्या भागातला Sound हा None करायचा.

आता चौघांना आवाज. ग्रुप उघडा, वरच्या नावावर दाबा, Notifications मध्ये जा आणि Use custom notifications वर खूण करा. मग त्या ग्रुपपुरता सूर निवडा. आयफोनवरही ग्रुपच्या माहितीच्या पानावरून त्या ग्रुपचा वेगळा सूर ठरवता येतो. चारही ग्रुपांना एकच सूर देऊ नका. वहिनींनी सोसायटीला जुन्या टेलिफोनची घंटी दिली, भावंडांना बासरी. दोन आठवड्यांत कानाला सवय होते. पोळ्या लाटताना घंटी वाजली की हात पुसून बघायचं, आणि बासरी वाजली की हात न पुसताच.

एक खोच लक्षात ठेवा. ग्रुपला स्वतःचा सूर दिला की तो ग्रुप मूळ सेटिंगपासून वेगळा होतो. पुढे मूळ पानावर काही बदललंत तर त्या चौघांवर परिणाम होत नाही. सहसा आपल्याला हेच हवं असतं. पण 'मी तर सगळं बदललं, तरी हा ग्रुप तसाच कसा' असं वाटलं, तर कारण हे.

म्यूट, आणि त्यातून निसटणारं @

मूळ आवाज काढल्यावरही गप्प ग्रुपांची सूचना वरच्या पडद्यात साठत राहते. तीही नको असेल तिथे म्यूट वापरायचं. त्यात तीन मुदती आहेत: आठ तास, एक आठवडा, कायम. आठवडाभराचं म्यूट लग्नघरासाठी किंवा गणपतीच्या दिवसांतल्या मंडळाच्या ग्रुपासाठी चांगलं. नंतर ते आपोआप सुटतं. आठ तासांचं मात्र घड्याळ बघून लावा. रात्री नऊला क्रिकेटच्या गदारोळाला कंटाळून लावलंत तर ते पहाटे पाचला सुटतं, आणि पहाटे पाच ही कोणत्याही नातेवाईक ग्रुपावर सुप्रभाताची वेळ आहे. रात्री लावायचंच असेल तर झोपताना लावा.

म्यूट केलेल्या ग्रुपमध्येही कुणी @ लावून तुमचं नाव घेतलं किंवा तुमच्याच मेसेजला उत्तर दिलं, तर सूचना येते. हा दोष नाही, पळवाट म्हणून वापरायची सोय आहे. वहिनींनी बँकेतल्या सहकाऱ्यांना सरळ सांगून टाकलं: काम असेल तर @ लावा, नाहीतर मी संध्याकाळी बघेन. सेक्रेटरी म्हणून मीही हे शिकलो. पाचव्या मजल्यावर गळती असेल तर ग्रुपात "पाचव्या मजल्यावर कुणीतरी बघा" असं लिहून उपयोग नसतो. त्या दोन घरांची नावं @ लावून घ्यावी लागतात. दर मेसेजला पन्नास नावं लावणारे काही अ‍ॅडमिन असतात. त्यांच्यामुळे ही पळवाटही निकामी होते. त्यांना खाजगीत सांगावं.

शाळेच्या ग्रुपासाठी आणखी नेमकी चावी आहे. २०२५ मध्ये ग्रुपच्या सूचनांमध्ये Notify for ही निवड आली. तिथे All ऐवजी Highlights ठेवलं की सूचना तीनच गोष्टींची येते: तुमचं नाव घेतलं, तुम्हाला उत्तर दिलं, किंवा तुमच्या फोनमध्ये नंबर जतन असलेल्या माणसानं लिहिलं. मुलाच्या ग्रुपमध्ये चाळीसेक पालक आहेत. 'गृहपाठ पान कितीवर?' हा प्रश्न रोज रात्री त्यातले सहा जण विचारतात. वहिनींच्या फोनमध्ये त्यांतल्या दोनतीन जणींचेच नंबर होते. आम्ही वर्गशिक्षिका बाईंचा नंबर जतन केला आणि Highlights लावलं. आता बाईंनी किंवा त्या दोनतीन जणींनी लिहिलं की वाजतं, बाकी पालक आपसात बोलत राहतात.

पण हीच युक्ती सोसायटीच्या ग्रुपाला लावली तर फसते. तिथे प्रत्येक शेजाऱ्याचा नंबर जतन असतो, म्हणजे फोनच्या लेखी सगळेच खास. बँकेच्या ग्रुपाचंही तेच. Highlights हे अनोळखी गर्दीत दोन ओळखीची माणसं असलेल्या ग्रुपासाठी आहे. ही निवड तुम्हाला दिसत नसेल तर आधी अ‍ॅप अपडेट करून बघा.

अर्काइव्ह म्हणजे माळा

आता वहिनींचा मूळ गुन्हा सापडला. सोसायटीचा ग्रुप त्यांच्या यादीत दिसतच नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीच्या गणपतीत पार्किंगवरून ग्रुपावर जुंपली होती, तेव्हा त्यांनी तो कायमचा म्यूट केला आणि चिडून अर्काइव्हही केला. चिडणं दोन दिवसांत विरलं, ग्रुप मात्र माळ्यावरच राहिला.

अर्काइव्ह म्हणजे चॅट पुसत नाही आणि ग्रुप सुटत नाही. ते फक्त मुख्य यादीतून उचलून Archived नावाच्या कप्प्यात ठेवलं जातं. पुढे नवा मेसेज आल्यावर काय होतं, ते Settings, Chats मधल्या Keep chats archived या बटणावर ठरतं. ते चालू असेल तर कितीही मेसेज आले तरी चॅट कप्प्यातच राहतं आणि वाजत नाही. बंद असेल तर पहिल्याच नव्या मेसेजला ते उडी मारून यादीत परत येतं. 'मी दर वेळी अर्काइव्ह करतो तरी ग्रुप परत वर येतो' अशी तक्रार असणाऱ्यांचं हे बटण बंद असतं. उरलेले बावीस ग्रुप आत ठेवायचे तर ते चालू हवं.

अर्काइव्ह केलेल्या ग्रुपमध्येही @ चालतं. कुणी तुमचं नाव घेतलं तर सूचना येते आणि Archived या ओळीपाशी @ अशी खूण दिसते. ती दिसली की कप्पा उघडायचा. नुसता आकडा दिसला तर घाई नाही. वहिनींनी त्यासाठी रविवारची दुपार ठरवलीय, मेगाब्लॉकमुळे तसंही कुठे जाणं होत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो: एकट्या माणसाचं चॅट अर्काइव्ह करताना दहादा विचार करा. ग्रुपात निदान @ तरी असतं. एकेकट्या माणसाला तुमचं नाव घेऊन हाक मारायचं कधी सुचणार? वहिनींच्या कप्प्यात दोन माणसं सापडली: गॅस घेऊन येणारा मुलगा आणि मुलीच्या शिकवणीच्या बाई. दोन्ही चॅट मुद्दाम ठेवलेली नव्हती. यादी सरकवताना किंवा एकदम पाचसहा चॅट निवडताना ती चुकून आत गेली होती. म्हणून आज पाच मिनिटं काढून तुमचा अर्काइव्ह कप्पा खालपर्यंत बघा आणि त्यातली माणसं बाहेर काढा. चॅट दाबून धरलं, आयफोनवर बाजूला सरकवलं, की Unarchive येतं.

बाहेरच्या यादीतही वरच्या तीन जागा पिन करता येतात. वहिनींनी तिथे नवरा, भावंडं आणि सोसायटी ठेवलं. चौथं पिन करायला गेलं की फोन नाही म्हणतो, आणि ते बरंच आहे.

फोननंच तोंड दाबलेलं असतं तेव्हा

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सगळं नीट दिसतं, सूर निवडलेला आहे, तरी आवाज नाही, असं झालं तर दोष एक पायरी खाली, म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये. अ‍ॅन्ड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपच्या सूचना निरनिराळ्या गटांत वाटलेल्या असतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये साध्या मेसेजचा गट वेगळा, ग्रुप मेसेजचा वेगळा. कधीतरी घाईत सूचना दाबून धरली आणि Silent किंवा Turn off वर बोट पडलं, की तो अख्खा गट मुका होतो. मग अ‍ॅपच्या आत सूर कितीही बदला, व्यर्थ. फोनच्या Settings मध्ये Apps, WhatsApp, Notifications असं जाऊन प्रत्येक गट चालू आहे ना, आणि Silent वर तर नाही ना, ते बघा. सगळाच गुंता झाला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या Notifications पानावर Reset notification settings आहे. ते केलं की सगळं मूळपदावर येतं आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा लावता येतं.

तळमजल्याच्या काकांचा प्रकार वेगळा होता. त्यांच्या फोननं बॅटरी वाचवायला व्हॉट्सअ‍ॅपला झोपवून ठेवलं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: अ‍ॅप उघडल्याक्षणी तासाभराचे मेसेज एका दमात धडाधड आत येतात. Info मधली उशिराची Delivered वेळ ही त्याचीच पावती. उपाय फोनच्या सेटिंगमध्ये, WhatsApp च्या पानावर Battery: तिथे Unrestricted किंवा No restrictions निवडायचं. शाओमीच्या फोनवर याशिवाय Autostart चालू करावं लागतं. इतर बऱ्याच फोनांत पार्श्वभूमीत चालू राहण्याची परवानगी वेगळ्या बटणावर असते. डेटा सेव्हर चालू असेल तर त्यातूनही व्हॉट्सअ‍ॅपला वगळा. काकांना आणखी एक सवय होती. बॅटरी टिकावी म्हणून ते रोज रात्री अ‍ॅपला Force stop करत. त्यानंतर आपण स्वतः अ‍ॅप उघडेपर्यंत एकही सूचना येत नाही. ती सवय मोडायला सेटिंगपेक्षा जास्त वेळ लागला.

आता रात्रीचा प्रश्न. पावसात शाळेच्या सुट्टीचा मेसेज पहाटे साडेपाचलाही येतो, आणि वहिनींचा फोन सातपर्यंत Do Not Disturb मध्ये असतो. अ‍ॅन्ड्रॉइड ११ किंवा त्यापुढचं असेल तर त्या ग्रुपची सूचना आली की ती दाबून धरा आणि Priority करा. मग Do Not Disturb च्या सेटिंगमध्ये Conversations या भागात प्राधान्याच्या संभाषणांना परवानगी द्या. Highlights आधीच लावलेलं असल्यानं फोन वाजतो तो बाईंनी किंवा नंबर जतन असलेल्या त्या दोनतीन जणींनी लिहिलं, नाहीतर कुणी वहिनींचं नाव घेतलं किंवा त्यांना उत्तर दिलं तरच. आयफोनवर Focus मध्ये परवानगी असलेल्या अ‍ॅपांत व्हॉट्सअ‍ॅप घालता येतं. ग्रुप आधीच गप्प केलेले असल्यामुळे रात्री फक्त एकेकटी माणसं आणि तुमचे निवडक ग्रुप वाजतील. तेही नको असेल तर सरळ अलार्म अर्धा तास अलीकडे आणावा. साताऱ्याच्या आईसाठी मात्र आम्ही मेसेजवर विसंबलोच नाही. तिचा आणि शेजारणीचा नंबर कॉलसाठी Do Not Disturb मधून वगळून ठेवला.

लावून झालं की तपासा

सेटिंग लावली आणि लगेच कुणाला तरी 'मेसेज कर' म्हटलं, तर तो वाजतोच. फोन हातात असतो, पडदा चालू असतो. ती परीक्षा खोटी. फोन कुलूप लावून, पडदा बंद करून, चार्जरपासून दूर अर्धा तास पडू द्या आणि मग प्रत्येक निवडलेल्या ग्रुपमधल्या एकाला साधं टिंब पाठवायला सांगा. शिवाय एकदा रात्रभर ठेवून सकाळी, फोनला हात न लावता, कुणालातरी पाठवायला सांगा. बॅटरीचा दोष बहुधा या दुसऱ्याच परीक्षेत पकडला जातो. वहिनींचे चार ग्रुप पहिल्या दमात पास झाले. काकांचा फोन रात्रीच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सुटला, कारण Autostart राहून गेलं होतं.

आणि सेक्रेटरीनं आपलं अंगण झाडावं

हे सगळं करताना मला माझीही चूक दिसली. ज्या ग्रुपावर पार्किंगची भांडणं, वाढदिवस, 'कुणाकडे शिडी आहे का' आणि पाण्याची सूचना हे सगळं एकत्र चालतं, तो लोकांनी म्यूट केला तर दोष त्यांचा नाही. म्हणून आम्ही दोन ग्रुप केले. जुना गप्पांसाठी तसाच ठेवला. नव्यात Group permissions मध्ये जाऊन सभासदांची मेसेज पाठवण्याची मुभा बंद केली. लिहिणार फक्त कमिटीतले तिघं. महिन्यात जेमतेम सातआठ मेसेज येतात, त्यामुळे हा ग्रुप कुणाला म्यूट करावासा वाटत नाही. वहिनींची घंटी आम्ही जुन्या ग्रुपावरून काढून याला दिली, पिनही हलवली, आणि जुना ग्रुप बारा गप्प ग्रुपांत गेला.

लिहिण्याची पद्धतही बदलली. आधी मी "सर्व सभासदांना कळविण्यात येते की" असं सुरू करायचो. बंद पडद्यावर तेवढंच दिसायचं आणि लोक समजायचे, सेक्रेटरीचं नेहमीचं काहीतरी असेल. आता पहिल्या ओळीत वार, वेळ आणि काय बंद हेच असतं: "शुक्र ७ ते ४ पाणी बंद." कारण आणि विनंती खालच्या ओळींत. मेसेज ग्रुपात वर पिनही करतो. त्याला चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस अशी मुदत देता येते. टाकी सफाईला चोवीस तास पुरतात, लिफ्टच्या दुरुस्तीला सात दिवस. आणि पाठवून तासाभरानं Info उघडतो. Read मध्ये नाव नसलेल्या घरांत वॉचमनला पाठवतो. पहिल्यांदा अकरा घरं होती. मागच्या खेपेला तीन निघाली, त्यातलं एक घर अमेरिकेत होतं.

पुढची टाकी सफाई दिवाळीच्या आधी झाली. आदल्या रात्री सूचना टाकली आणि चौथ्या मजल्यावरून जुन्या टेलिफोनची घंटी जिन्यात ऐकू आली. दोन मिनिटांत वहिनींचं उत्तर खाजगीत: "भरून ठेवलं. पण ही घंटी बदला, मुलगा दर वेळी दार उघडायला धावतो."

काकांना मी अजून इंटरकॉमवरून फोनच करतो. त्यांना तेच आवडतं.